नुकसान भरून आले, पण कोणत्या मुलांचे?

रायगडच्या किनारपट्टीवरच्या शाळा मार्च २०२० मध्ये करोनामुळे बंद झाल्या. त्या कधी उघडायच्या याची नीट चर्चाही सुरू झाली नव्हती, तोवर ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, अलिबाग या तालुक्यांत घरांबरोबर शाळांचीही कौले आणि पत्रे उडाले. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ असे म्हणत रोजचा अभ्यास मोबाइलवरून पाठवायला सुरुवात केली होती. ज्या घरावर छप्पर नाही आणि मोबाइल चार्ज करायला वीज नाही, त्या घरात तो अभ्यास पोचण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग भरले ते १ डिसेंबर २०२१ ला. जानेवारीत ते पुन्हा काही दिवस बंद झाले.

या तारखा एका मुलाच्या वयावर मांडल्या की नुकसान नेमके कुठे झाले ते दिसते. जून २०१९ मध्ये पहिलीत बसलेले मूल घ्या. मार्चमध्ये शाळा बंद झाली तेव्हा त्याची पहिली संपत आली होती. पुढची अख्खी दुसरी आणि अर्धी तिसरी वर्गाबाहेर गेली. शाळेत परतले तेव्हा ते तिसरीच्या पुस्तकासमोर बसले. गणितात दुसरीचे वर्ष फार मोलाचे असते. शंभराच्या आतल्या संख्यांची दशक-एककाची बांधणी, हातच्याची बेरीज, हातच्याची वजाबाकी हे सारे त्याच वर्षात पक्के होते. भाषेचे थोडेफार घरात, गल्लीत, टीव्हीसमोर कानावर पडत राहते. हातच्याची वजाबाकी घरात कोणी बोलत नाही.

त्यानंतर राज्यात बरेच काही झाले. सेतू अभ्यासक्रम झाले, पूर्वचाचण्या आणि उत्तरचाचण्या झाल्या, निपुण भारत अभियान आले, स्तरनिश्चितीचे तक्ते भरले गेले. आता सगळीकडे ऐकू येते की नुकसान भरून आले. या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते किती आणि कोणाबद्दल खरे आहे हे मोजणी कशी झाली त्यावर अवलंबून आहे. म्हणून या आढाव्यात मी उपक्रमांची यादी देत नाही. मोजणीकडेच पाहतो.

आधी ‘अध्ययन ऱ्हास’ म्हणजे काय ते स्पष्ट करायला हवे. त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. जे येत होते ते विसरणे ही पहिली, आणि जे त्या काळात शिकायचे होते ते न शिकणे ही दुसरी. अझीम प्रेमजी विद्यापीठाने जानेवारी २०२१ मध्ये पाच राज्यांतल्या सोळा हजारांवर मुलांची पाहणी केली. महाराष्ट्र त्यात नव्हता. या पाहणीत पहिल्या प्रकारचे नुकसान तपासले होते, म्हणजे शाळा बंद होताना मुलाला अमुक येत होते असे शिक्षक सांगतात, ते आता येते का? दुसरी ते सहावीच्या ८२ टक्के मुलांनी गणितातले किमान एक कौशल्य गमावले होते. विसरलेले काही आठवड्यांच्या उजळणीने परत येऊ शकते. न शिकलेले उजळणीने येत नाही, ते पहिल्यापासून शिकवावे लागते. उजळणीसाठी बेतलेला कार्यक्रम दुसऱ्या प्रकारच्या मुलाला दिला, तर त्याची वही भरते आणि पाया कच्चाच राहतो.

राज्याचा पहिला सेतू अभ्यासक्रम १ जुलै २०२१ पासून पंचेचाळीस दिवसांचा होता. दर पंधरा दिवसांनी एक, अशा तीन चाचण्या होत्या. मागच्या इयत्तेतल्या महत्त्वाच्या क्षमतांची दिवसवार कृतिपत्रिका ही त्याची रचना होती आणि आराखडा म्हणून ती विचारपूर्वक केलेली होती. पण प्राथमिक शाळांची दारे तेव्हा बंदच होती. कृतिपत्रिका मोबाइलवर पोचायची किंवा शिक्षक वाडीवर जाऊन द्यायचे, आणि चाचणी बहुतेक ठिकाणी घरीच सोडवली जायची. घरी सोडवलेल्या चाचणीत उत्तर कोणाच्या डोक्यातून आले हे कळायला मार्ग नसतो. त्यामुळे त्या वर्षीच्या गुणांवरून काही ठरवणे मला योग्य वाटत नाही. २०२२ आणि २०२३ मध्ये सेतू अभ्यासक्रम वर्गात झाला, पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणीसह. तिथून पुढच्या मोजणीकडे गांभीर्याने पाहता येते.

पायाभूत गणिताची जी पट्टी आज शिक्षकांपासून संशोधकांपर्यंत सगळे वापरतात ती ‘असर’ची आहे. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने २००५ पासून देशभरच्या खेड्यांत ती चालवली. एक कागद, एक मूल, एक विचारणारा माणूस. कागदावर एक अंकी संख्या, दोन अंकी संख्या, हातच्याच्या दोन अंकी वजाबाक्या आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याची उदाहरणे. सुरुवात वजाबाकीपासून होते. दोन वजाबाक्या दिल्या जातात आणि दोन्ही बरोबर आल्या तरच मूल भागाकाराकडे जाते. एखादी चुकली तर खाली उतरून दोन अंकी संख्या वाचायला सांगतात. पाचपैकी चार वाचता आल्या तर तो मुलाचा स्तर, नाहीतर एक अंकी. प्रत्येक मूल शेवटी प्रारंभिक, एक अंकी, दोन अंकी, वजाबाकी, भागाकार यांपैकी एका पायरीवर उभे राहते.

या पट्टीचे मोठेपण असे, की ती काही मिनिटांत होते, शिक्षक नसलेल्या माणसालाही शिकवता येते आणि तिचे उत्तर आईलाही समजते. तिची मर्यादाही तिथेच आहे. पायऱ्या फार लांब लांब आहेत. दोन अंकी संख्या वाचण्यापासून हातच्याच्या वजाबाकीपर्यंत जायला मुलाला दशक सुटे करणे, बिनहातच्याची वजाबाकी, एकक स्थानी शून्य असेल तर काय करायचे, असे बरेच टप्पे ओलांडावे लागतात. चार महिने चांगले शिकवूनही मूल या पट्टीवर ‘दोन अंकी’वरच दिसू शकते. कार्यक्रम मोजणाऱ्याला वाटते काही झाले नाही. शिक्षकाला ठाऊक असते की बरेच झाले आहे, पण त्याच्याकडे दाखवायला रकाना नसतो.

तो रकाना मुलाच्या चुकीत असतो. ६० वजा २४ हे उदाहरण घ्या. उत्तर ३६. ज्या मुलाने ४४ लिहिले त्याने एकक स्थानी शून्यातून चार जात नाहीत म्हणून चारातून शून्य वजा केले. मोठ्यातून लहान काढायचे एवढाच नियम त्याला माहीत आहे. ज्याने ४० लिहिले त्याला शून्यातून काही जात नाही म्हणून शून्यच उरते असे वाटते. ज्याने ४६ लिहिले त्याने हातचा बरोबर घेतला, दहातून चार वजा केले, पण सहाचे पाच करायला विसरला. असरच्या पट्टीवर तिघेही सारखेच: वजाबाकी येत नाही. शिकवण्याच्या दृष्टीने ४६ लिहिणारा मुलगा दाराशी पोचला आहे, दोन दिवसांत आत येईल. ४४ वाल्याला काड्यांचे गठ्ठे सोडून पुन्हा बांधण्यापासून, म्हणजे दशक म्हणजे काय तिथपासून सुरुवात करावी लागेल. शाळेतल्या गणित पेटीचे काम इथे आहे. ४० वाल्याशी शून्यावर वेगळे बोलावे लागेल.

उदाहरण कोणते निवडायचे यालाही महत्त्व आहे. ५२ वजा ३७ दिले तर मोठ्यातून लहान काढणाऱ्याचे उत्तर २५ येते. हातचा घेऊन दशक कमी करायला विसरणाऱ्याचेही २५च येते. दोन वेगळ्या आजारांची एकच खूण. एककातला फरक पाच असला की असे होते. तेच ५३ वजा ३७ दिले तर पहिला २४ लिहील, दुसरा २६. चाचणी तयार करणाऱ्याने एवढी काळजी घेतली आणि शिक्षकाने ‘चूक’ असे न लिहिता मुलाने लिहिलेले उत्तर जसेच्या तसे नोंदवले, तर त्याच कागदातून दुप्पट माहिती मिळते. उपचारात्मक वर्गांच्या नोंदींत बरोबर-चूक एवढेच येते, उत्तर येत नाही, याचे मला वाईट वाटते. मुलाने जो पुरावा हातात दिला तो आपण टाकून देतो.

संख्या वाचण्याच्या पायरीवर मराठीत आणखी एक अडचण आहे. मराठीत एकक आधी बोलतो आणि दशक नंतर, लिहिताना मात्र उलट. ४७ ला चौऱ्याहत्तर म्हणणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. एकोणतीस, एकोणचाळीस यांत तर पुढच्याच दशकाचे नाव येते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे वाचन जोडीला दिले गेले तेव्हा राज्यभर वाद झाला. मंगला नारळीकर यांनी त्यामागची भूमिका तेव्हा शांतपणे मांडली होती. मोजणीपुरता मुद्दा असा, की ज्या मुलाला संख्येचे नाव आठवत नाही पण ‘चार दशक सात सुटे’ म्हणून काड्या बरोबर काढता येतात, त्याला संख्या कळली आहे. केवळ तोंडी वाचनावर त्याला ‘एक अंकी’ ठरवले तर सुरुवातीचा आकडा उगाच खाली जातो. मग नावे पाठ झाली की आकडा उगाच वर येतो आणि ती वाढ गणितातली सुधारणा म्हणून मोजली जाते.

किनाऱ्यावर याच्या उलटही घडते. मासळी बाजारात आईजवळ बसणारी मुलगी वाट्याचे पैसे आणि परत द्यायचे सुटे तोंडी चुकत नाही, पण कागदावरच्या वजाबाकीत अडते. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांवरचा अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. बाजारात काम करणारी मुले अवघड हिशेब तोंडी करत होती आणि शाळेच्या पद्धतीची साधी उदाहरणे त्यांना येत नव्हती. शाळेत जाणाऱ्या, बाजारात काम न करणाऱ्या मुलांचे नेमके उलट होते. म्हणजे कागदावरची पायरी हे मुलाच्या सगळ्या गणिताचे माप नाही. तरीही पुढचे शिक्षण कागदावरच चालते, म्हणून कागदावरची पायरी सोडून देता येत नाही. उपचारात्मक वर्गाने त्या मुलीच्या सुट्या पैशांपासून सुरुवात केली तर तिला कागदापर्यंत आणणे सोपे जाईल असे मला वाटते, पण चाचणीने दोन्ही वेगवेगळे नोंदवायला हवे.

आता कार्यक्रमाची मोजणी कशी फसते ते एका वर्गावर पाहू. वर्ग कल्पित आहे, पण अशा द्विशिक्षकी शाळा रायगडात कितीतरी आहेत. तिसरी ते पाचवीची मिळून चोवीस मुले. सप्टेंबरमध्ये स्तरनिश्चिती झाली तेव्हा वजाबाकी किंवा त्यापुढे पाच मुले होती, म्हणजे २१ टक्के. रोज तासभर स्तरानुसार गट करून शिकवले. मार्चमध्ये पुन्हा चाचणी घेतली तेव्हा वजाबाकी किंवा त्यापुढे आठ मुले निघाली, आणि चाचणीला हजर होती वीस. टक्केवारी झाली ४०. अहवालात लिहिले जाते की प्रमाण जवळपास दुप्पट झाले.

गैरहजर चौघे कोण होते? दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामाला आईबापांबरोबर गेलेली कातकरी वाडीवरची मुले. ती पावसाआधी परत येतात. चौघेही सप्टेंबरमध्ये वजाबाकीच्या खाली होते. आता हिशेब नव्याने करा. दोन्ही वेळा हजर असलेल्या वीस मुलांत पाचची आठ झाली, म्हणजे २५ वरून ४० टक्के, वाढ पंधरा टक्क्यांची. स्थलांतरित चौघे जिथे होते तिथेच राहिले असे धरून चोवीसचा हिशेब केला तर ३३ टक्के, वाढ बाराची. कागदावर दिसली ती एकोणीसची. एकोणीसपैकी सात टक्के कोणालाही काही न शिकवता मिळाले. सगळ्यांत मागे असलेली मुले मोजणीतून निघून गेली एवढ्यानेच मिळाले.

यात कोणाची लबाडी नाही. शिक्षक हजर मुलांचीच चाचणी घेणार. दोष तक्त्याच्या रचनेत आहे, कारण तो वर्गाची टक्केवारी मागतो, मुलाच्या नावापुढे दोन तारखांचे दोन स्तर मागत नाही. केंद्रप्रमुखाने ‘सप्टेंबरच्या यादीतले कोण मार्चच्या यादीत नाही’ एवढे एकच विचारले तरी अर्धा घोळ सुटेल. उरलेल्या अर्ध्यासाठी जूनमध्ये, स्थलांतरित कुटुंबे परत आल्यावर, त्याच मुलांची चाचणी घ्यावी लागेल. जूनची चाचणी आणखी एका कारणासाठी मोलाची आहे: मार्चमध्ये आलेले मे महिन्याच्या सुट्टीनंतरही उरले आहे का, ते तिच्यातच कळते.

बाकीच्या फसगती थोडक्यात सांगतो. ज्या शिक्षकाच्या कामाचे मोजमाप होणार त्यानेच चाचणी घ्यायची ही सर्वांत मोठी. शेजारच्या शाळेतल्या शिक्षकांनी आपसांत अदलाबदल केली, किंवा दहा मुलांमागे एखाद्या मुलाची केंद्रप्रमुखाने पुन्हा तपासणी केली, तरी फरक लगेच कळतो. पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणीत तीच उदाहरणे देणे ही दुसरी. तिसरी कमी दिसते. अगदी तळाची मुले निवडून वर्ग चालवला की त्यांतली काही त्या दिवशी ताप, भूक किंवा भीती यांमुळे तळाशी गेलेली असतात. पुढच्या चाचणीत ती आपोआप वर येतात आणि श्रेय वर्गाला मिळते.

पण हे सगळे दुरुस्त केले तरी ‘भरून आले’ असे म्हणता येत नाही. सप्टेंबर ते मार्चमध्ये मुले पुढे गेली, एवढेच सिद्ध होते. साध्या वर्षातही सहा महिन्यांत मुले पुढे जातातच. भरपाई मोजायची तर तुलना बंदीआधीच्या तेवढ्याच वयाच्या मुलांशी व्हायला हवी. असा नीट अभ्यास मला माहीत आहे तो तमिळनाडूतला. अभिजीत सिंह, मॉरिसियो रोमेरो आणि कार्तिक मुरलीधरन यांच्याकडे २०१९ च्या चाचण्यांचे निकाल आधीच होते. शाळा उघडल्यावर डिसेंबर २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२२ च्या उन्हाळ्यात त्यांनी खेड्यांतल्या सुमारे एकोणीस हजार मुलांची चाचणी घेतली. २०१९ च्या शंभर मुलांच्या रांगेत अगदी मधोमध असलेल्या मुलाच्या जागी २०२१ चे तेवढ्याच वयाचे मूल उभे केले, तर गणितात ते रांगेत तळापासून साधारण तेविसाव्या जागेवर गेले होते. भाषेत तेवढे नाही, सदतिसाव्याच्या आसपास. सहा महिन्यांत या तुटीचा सुमारे दोन-तृतीयांश भाग भरून आला. त्यात संध्याकाळी वस्तीवर स्वयंसेवकांनी घेतलेल्या ‘इल्लम तेडी कल्वी’ वर्गांचा वाटा साधारण एक-चतुर्थांश होता. बाकीची भरपाई शाळा पुन्हा नियमित भरण्यानेच झाली.

हे वाचून कोणाला वाटेल की मग काळजीचे कारण नाही, शाळा उघडली की मुले आपोआप सावरतात. पाकिस्तानातला अनुभव याच्या विरुद्ध आहे. ऑक्टोबर २००५ च्या भूकंपानंतर तिथल्या शाळा सरासरी चौदा आठवडे बंद होत्या. चार वर्षांनी ताहिर अंद्राबी, बेंजामिन डॅनियल्स आणि जिष्णू दास यांनी पाहिले तर भूकंपरेषेजवळची मुले दीड ते दोन इयत्ता मागे होती. चौदा आठवड्यांची बंदी आणि दीड-दोन वर्षांचे नुकसान. शाळा उघडल्यानंतरही ते वाढत गेले होते. वर्ग पुस्तकाच्या वेगाने पुढे गेला आणि पाया नसलेले मूल रोज थोडे आणखी मागे पडले, हेच त्याचे पटणारे स्पष्टीकरण आहे. ज्या मुलांची आई प्राथमिक शिकलेली होती ती मात्र मागे पडली नव्हती. तमिळनाडूत सरकारने वस्तीवर वर्ग नेले. पाकिस्तानात घरे आणि शाळा उभारण्याला मदत मिळाली, मुलांच्या पायऱ्यांकडे तसे लक्ष गेले नाही. वादळ आणि बंदी दोन्ही सोसलेल्या श्रीवर्धन-म्हसळ्याला या दोन्ही अनुभवांतून काही घेण्यासारखे आहे.

आता देशाच्या आकड्याकडे येतो, कारण ‘भरून आले’ हे वाक्य बहुधा तिथूनच येते. असरच्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी वजाबाकी करू शकणारी २०१८ मध्ये २८.२ टक्के होती, २०२२ मध्ये २५.९ आणि २०२४ मध्ये ३३.७. घसरण झाली, भरून आली आणि वर गेली. आकडे विश्वासार्ह आहेत. पण २०२४ मध्ये तिसरीत असलेले मूल पहिलीत कधी बसले? जून २०२२ मध्ये. त्याने बंद शाळा पाहिलीच नाही. अंगणवाडी बुडली असेल, पण त्याची पहिली, दुसरी आणि तिसरी वर्गात झाली. हा आकडा सांगतो की शाळा सावरली, बहुधा पायाभूत गणितावर जो भर आला त्यामुळे अधिक चांगली झाली. बंदीत सापडलेली मुले सावरली असे तो सांगत नाही, सांगू शकत नाही.

त्यांच्याबद्दल विचारायचे तर २०२४ ची पाचवी पाहावी. ती मुले जून २०२० मध्ये, शाळा बंद असताना, पहिलीच्या पटावर आली. त्यांच्यात भागाकार करू शकणारी ३०.७ टक्के निघाली. २०१८ च्या पाचवीत ती २७.९ होती, २०२२ च्या पाचवीत २५.६. म्हणजे या तुकडीने बंदीआधीच्या तुकडीला गाठले आणि थोडे मागेही टाकले. ही खरी आनंदाची गोष्ट आहे आणि ती शिक्षकांच्या कष्टाने झाली आहे. फक्त ज्या रेषेपर्यंत पोचल्यावर आपण ‘भरून आले’ म्हणतो, ती रेषा दहापैकी सात मुलांना भागाकार न येण्याची आहे, हे ध्यानात ठेवायला हवे.

आणि रायगडचे काय? असर जिल्ह्यात तीस गावे निवडते. रायगडात पंधरा तालुके आहेत, म्हणजे सरासरी तालुक्यामागे दोन गावे. त्यावरून जिल्ह्याचा ढोबळ अंदाज येतो. खाडीच्या कडेचे म्हसळे आणि पनवेलच्या कारखान्यांजवळची वस्ती वेगळी करून पाहता येत नाहीत. राज्याची नियतकालिक मूल्यांकन चाचणी ठरावीक इयत्तांतल्या प्रत्येक मुलाची होते, त्यामुळे ती तालुक्यापर्यंतच काय, वाडीपर्यंत पोचते. पण ती मुख्यतः लेखी आणि इयत्तेच्या पातळीची असते. सहावीच्या मुलाला त्यात कमी गुण मिळाले, तर त्याला अपूर्णांक येत नाहीत की ६० मधून २४ जात नाहीत, हे गुणांवरून कळत नाही. एकीकडे मुलाची नेमकी पायरी सांगणारी चाचणी आहे, ती नमुन्यापुरती. दुसरीकडे प्रत्येक मुलाची चाचणी आहे, ती पायरी न सांगणारी. दोन्ही जोडायला फार खर्च नाही. नियतकालिक चाचणीत तळाला आलेल्या मुलांपुरती तोंडी पायरी-चाचणी घेतली, आणि निकाल मुलाच्या नावापुढे वर्षानुवर्षे जोडत गेले, तर पनवेलच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला किनाऱ्याचा स्वतंत्र हिशेब मांडता येईल.

असा मागोवा घ्यायलाच हवा, कारण उपचारात्मक वर्गाने मिळवलेले टिकतेच असे नाही. याचा चांगला पुरावा आपल्या शेजारी मुंबईतच आहे. ‘प्रथम’च्या बालसखी वर्गांचा २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्यात अभ्यास झाला. वस्तीतलीच एक तरुणी मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळे शिकवायची. पहिल्या वर्षी फायदा दिसला, दुसऱ्या वर्षी तो दुप्पट झाला. पण मुले बालसखीकडून नेहमीच्या वर्गात परतल्यावर वर्षभराने पाहिले तर त्या फायद्याचा साधारण तिसरा हिस्सा उरला होता. मार्चच्या चाचणीत ‘वजाबाकी’वर पोचलेले मूल पुढच्या मार्चमध्ये कुठे असेल, हे मार्चची टक्केवारी सांगू शकत नाही.

शेवटी त्या पहिल्या तुकडीबद्दल, जून २०१९ मध्ये पहिलीत बसलेल्या. निपुण अभियान मुख्यतः तिसरीपर्यंतच्या मुलांसाठी आहे आणि त्याचे उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत गाठायचे आहे. राज्याने मार्च २०२५ मध्ये सुरू केलेला निपुण महाराष्ट्र कृती कार्यक्रम दुसरी ते पाचवीसाठी होता. ही मुले तेव्हा सहावीत होती. प्रत्येक योजना आली तेव्हा ही मुले त्या योजनेच्या वरच्या मर्यादेवर किंवा तिच्या पुढे पोचलेली होती. निपुणचे लक्ष्यवर्ष येईल तेव्हा यश मोजले जाईल ते २०२४ मध्ये पहिलीत बसलेल्या मुलांवर, आणि ही मुले आठवीत असतील. किनाऱ्यावरच्या बऱ्याच गावांत आठवीनंतरचे वर्ग दुसऱ्या गावात असतात. तिथे जाण्याआधीच्या शेवटच्या वर्षात, जिल्हा परिषदेच्या शाळेच्या हाती ती असेपर्यंत, आठवीच्या प्रत्येक मुलासमोर तो एक कागद ठेवून दोन वजाबाक्या आणि एक भागाकार सोडवून घ्यायला मुलामागे दहा मिनिटे लागतील. ज्यांना तो येणार नाही त्यांची नावे जून २०२७ च्या आत हातात यायला हवीत.